शब्द फिरवले आणि तरी पकडला गेलो

एम.ए.च्या प्रबंधाचा गिरणगावावरचा भाग मी परळ ते ठाणे या प्रवासात मोबाईलवर 'माझ्या शब्दांत' आणला होता. म्हणजे काय, तर एका पुस्तकातली वाक्यं मागंपुढं केली होती. नक्कल पकडणाऱ्या सॉफ्टवेअरबद्दल एका सीनियरने सांगितलं होतं, 'दोन शब्द फिरव, सॉफ्टवेअर गंडतं.' असे सल्ले देणारे सीनियर स्वतःचा रिपोर्ट कधी दाखवत नाहीत, हे लक्षात ठेवा.

सॉफ्टवेअर अख्खं वाक्य बघत नाही. ते मजकुराचे एकमेकांवर चढलेले तुकडे करतं. तुकडा चार शब्दांचा धरू (कंपन्या आपला खरा आकडा सांगत नाहीत). पहिला तुकडा १ ते ४ शब्दांचा, दुसरा २ ते ५, तिसरा ३ ते ६. प्रत्येकाचा एक आकडा बनतो आणि तो साठ्यातल्या जुन्या मजकुरांच्या आकड्यांशी ताडला जातो. मूळ वाक्य असं समजा:

'१९८२च्या संपानंतर गिरणगावातील अनेक कामगारांनी पोटापाण्यासाठी फेरीचा धंदा धरला आणि घर चालवले.'

शब्द १२, म्हणून तुकडे ९. मी केलं ते एवढंच: 'गिरणगावातील अनेक कामगारांनी १९८२च्या संपानंतर पोटापाण्यासाठी...' पुढचं सगळं जसंच्या तसं. वाचताना वाक्य नवं वाटतं. पण 'पोटापाण्यासाठी'पासून 'चालवले'पर्यंतचे सात शब्द सलग आहेत, त्यांचे चार तुकडे शाबूत राहिले. मोडले ते फक्त पाच.

मी इथेच फसलो, म्हणून पुन्हा सांगतो. शेजारचे दोन शब्द अदलाबदल केले, तर फार तर पाच तुकडे मोडतात, कारण त्या दोन शब्दांना शिवणारे तुकडेच तेवढे असतात. १८० शब्दांच्या परिच्छेदात १७७ तुकडे. पाच ठिकाणी अदलाबदल केली तरी २५ मोडतील, १५२ उरतील. म्हणजे साधारण ८६ टक्के! मग प्रत्येक चौथा शब्द बदलायचा का? तेवढी मेहनत घेणार असाल तर परिच्छेद स्वतःच लिहा ना. शिवाय काही पद्धती 'आणि', 'पण'सारखे शब्द गाळून तुकड्यातले शब्द अक्षरक्रमाने लावतात. तिथे तुकड्याच्या आतली अदलाबदल दिसतच नाही.

घाबरू मात्र नका. जुळणीचा टक्का म्हणजे निकाल नव्हे. अवतरणं आणि संदर्भयादीही जुळतात, गाईड ती बाजूला काढून टक्का बघू शकतात. यूजीसीच्या २०१८च्या नियमांत १० टक्क्यांपर्यंत दंड नाही. पण माझ्या रिपोर्टातले रंगीत पट्टे संदर्भयादीत नव्हते, थेट संपावरच्या परिच्छेदावर होते.

गाईडबाईंनी मला पुस्तक मिटायला लावलं. 'आता संपाबद्दल मला सांग,' म्हणाल्या. मला दोन वाक्यांपलीकडे सांगता येईना. मग पुन्हा वाचलं, कोऱ्या कागदावर लिहिलं आणि शेवटी लेखकाचं नाव दिलं. पुढच्या रिपोर्टात त्या पानावर एकच पट्टा राहिला, माझ्याच अवतरणावर.