चौघांचं विमान तिकीट एकत्र शोधताय? स्वस्त सीट संपतात कशा ते आधी बघा, आणि या चुका टाळा

दिवाळीला मुंबईहून नागपूरला जायचंय, घरात चार माणसं, ॲप उघडलं, प्रवासी 4 टाकले आणि माणशी 5,100 रुपये दिसले. शेजारच्या काकांनी मात्र दहा मिनिटांपूर्वी त्याच विमानाचं एकट्याचं तिकीट 4,200 ला काढलेलं. (सगळे आकडे उदाहरणापुरते घेतलेत, रोजचे भाव वेगळेच असणार.) अशा वेळी बहुतेक लोक म्हणतात की ॲपने आपल्याला ओळखलं आणि भाव चढवला. खरं कारण वेगळं असतं आणि ते कळलं तर त्याच चौघांचे पैसे त्याच विमानात वाचू शकतात.

विमानात इकॉनॉमीच्या सीट एकसारख्याच, पण एअरलाइन त्या एका भावात विकत नाही, भावाचे टप्पे पाडते. धंद्यातली माणसं त्याला फेअर बकेट म्हणतात किंवा नुसतं क्लास, आणि प्रत्येक बकेटला एक अक्षर असतं. हे अक्षर तुमच्या ई-तिकिटावर बऱ्याचदा छापलेलं असतं, आपण ते बघत नाही एवढंच. ट्रॅव्हल एजंटच्या स्क्रीनवर एका विमानासमोर साधारण अशी ओळ येते:

```
Y9 B9 M9 H7 K4 Q2 V0
```

अक्षर म्हणजे बकेट आणि आकडा म्हणजे त्या भावात अजून किती सीट विकायला उघड्या आहेत. इथे 9 म्हणजे नऊच असं नाही, नऊ किंवा जास्त, कारण स्क्रीन त्याच्या वर दाखवतच नाही. V सगळ्यात स्वस्त होती, ती बंद झाली. त्यानंतरची स्वस्त म्हणजे Q, तिच्यात दोन उरल्यात. कुठलं अक्षर स्वस्त हे प्रत्येक एअरलाइनचं वेगळं असतं, त्यामुळे अक्षरं पाठ करण्यात अर्थ नाही, रचना समजून घ्या.

आता यातली खरी मेख. हे आकडे बेरजेचे नाहीत, ते एकात एक बसवलेले आहेत. समजा 180 सीटचं विमान आहे. सगळ्यात महाग भाव 180 च्या 180 सीटना उघडा, मधला भाव जास्तीत जास्त 110 सीटना, आणि सगळ्यात स्वस्त भाव फक्त 25 ना. हे 25 त्या 110 च्या आतले आणि 110 त्या 180 च्या आतले. म्हणजे महाग भाव देणारा माणूस आला तर त्याला कधीच नाही म्हणायची वेळ येऊ नये, आणि स्वस्त भाव मागणाऱ्याला मात्र ठरलेल्या मर्यादेनंतर नाही म्हणायचं, विमान अर्धं रिकामं असलं तरी.

रिकामं विमान असताना नाही का म्हणायचं?

याचं गणित 1972 साली बीओएसी या ब्रिटिश एअरलाइनमधल्या केन लिटलवूड यांनी मांडलं आणि अजूनही पाया तोच आहे. स्वस्त भाव 4,000 आणि महाग भाव 10,000 धरा. एअरलाइनसमोर एक सीट आहे आणि आज 4,000 देणारा गिऱ्हाईक उभा आहे. सीट राखून ठेवली तर शेवटच्या दोन-चार दिवसांत 10,000 देणारा येईल याची शक्यता 40 टक्क्यांपेक्षा जास्त वाटली तर आजच्याला नाही म्हणायचं, कारण 10,000 चे 40 टक्के म्हणजेच 4,000. शक्यता त्याच्या खाली असेल तर आजच विकून मोकळं व्हायचं. प्रत्येक सीटसाठी हाच प्रश्न, आणि उत्तर येतं आधीच्या वर्षांत त्या वारी, त्या वेळी, त्या सणाला किती लोक उशिरा आले यावरून.

म्हणून शुक्रवारी संध्याकाळच्या मुंबई-दिल्लीला स्वस्त सीट अगदी मोजक्या असतात आणि मंगळवारी दुपारच्या विमानाला भरपूर, एअरलाइन तीच आणि विमानही तेवढंच असलं तरी. शुक्रवारी मीटिंग संपवून घरी जाणारा येणारच हे त्यांना माहीत असतं.

आणि बकेट गुपचूप बंद होते ती अशी, की सिस्टीम रोज बघत असते बुकिंग अंदाजापेक्षा पुढे आहे का मागे. एखाद्या लग्नाच्या वऱ्हाडाने तीस सीट घेतल्या, किंवा सुट्टी जाहीर झाली आणि बुकिंग जोरात सुरू झालं, की अंदाज वर सरकतो आणि खालची बकेट बंद होते. त्या भावातली एकही सीट कोणी घेतली नसली तरी बंद होते! त्यामुळे "काल तर दाखवत होतं, एका रात्रीत कोणी घेतल्या?" याचं उत्तर कधी कधी कोणीच नाही असं असतं.

पहिली आणि सगळ्यात महागाची चूक: चारही जणांना एकाच सर्चमध्ये कोंबणं

एका बुकिंगमधल्या सगळ्यांना साधारणपणे एकाच बकेटमधून भाव मिळतो. 4,200 वाल्या बकेटमध्ये दोनच सीट उरल्यात, तुम्ही मागताय चार, तर सिस्टीम दोघांना 4,200 आणि दोघांना 5,100 असं करत नाही, सरळ जिथे चार मिळतायत त्या बकेटला जाते आणि चौघांना 5,100 लावते. एकूण 20,400. तेच दोन-दोन करून काढलं तर 8,400 अधिक 10,200 म्हणजे 18,600. फरक 1,800 रुपयांचा, विमान तेच.

तपासायचं कसं, तर तेच विमान, तीच तारीख, आधी एका प्रवाशासाठी शोधा, मग दोन, मग तीन, मग चार. माणशी भाव ज्या आकड्याला उडी मारतो त्याच्या आधीचा आकडा म्हणजे स्वस्त बकेटमध्ये उरलेल्या सीट. एकूण रक्कम बघू नका, माणशी मूळ भाडं बघा, नाहीतर कर आणि फी मिसळून गोंधळ होतो. मांडीवरचं तान्हं बाळ यात मोजायचं नाही कारण त्याला सीट लागत नाही, पण दोन वर्षांवरच्या मुलाला सीट लागते आणि त्याची सीट बकेटमधूनच जाते.

मग आधी स्वस्तवाली दोन तिकिटं काढा आणि लगेच, चहा वगैरे घ्यायला न जाता, उरलेली दोन. लोकांना भीती वाटते की पहिली दोन काढल्यावर दुसरी आणखी महाग झाली तर? इथेच ती एकात एक रचना कामाला येते. चौघांना 5,100 दिसलं याचा अर्थ 5,100 ला किमान चार सीट उघड्या आहेत आणि स्वस्तवाल्या दोन त्यातच धरलेल्या आहेत, म्हणजे त्या दोन गेल्या तरी दोन उरायला हव्यात. मधल्या मिनिटांत तिसऱ्याच कोणी घेतल्या तरच गडबड होते, आणि सणाच्या दिवसांत तेही होऊ शकतं, तेवढी जोखीम आहेच.

पण तिकिटं तोडण्याची किंमतही असते आणि ती मोजल्याशिवाय तोडू नका. दोन पीएनआर म्हणजे एअरलाइनच्या दृष्टीने दोन वेगळी कुटुंबं. विमान रद्द झालं तर अर्ध्यांना सकाळचं आणि अर्ध्यांना रात्रीचं विमान मिळू शकतं. म्हणून लहान मूल नेहमी मोठ्या माणसाच्या पीएनआरमध्येच ठेवा, आणि आजी-आजोबांना एकटं वेगळं काढू नका, त्यांच्याबरोबर एक तरुण माणूस असू द्या. कन्व्हिनियन्स फी काही साईट प्रवाशामागे घेतात, काही बुकिंगमागे, बुकिंगमागे असेल तर ती दोनदा लागेल. माणशी शंभर-दीडशेच वाचत असतील तर माझं स्पष्ट मत आहे, एकत्रच काढा.

सीट मॅप बघून "विमान रिकामं आहे, थांबूया" म्हणणं

सीट मॅपवर रिकाम्या दिसणाऱ्या सीट म्हणजे न विकलेल्या सीट नव्हेत. आपल्याकडे भरपूर लोक सीटचे वेगळे पैसे देत नाहीत, वेब चेक-इनला जी मिळेल ती घेतात, त्यामुळे तिकीट विकलेलं असतं पण मॅपवर सीट मोकळी. आणि "या भावात 2 सीट शिल्लक" असं दिसलं तर ते त्या बकेटबद्दल आहे, विमानाबद्दल नाही, त्या दोन गेल्यावर पुढच्या भावात सीट मिळत राहतात.

शेवटच्या क्षणी स्वस्त होईल म्हणून थांबणं

दादरच्या मंडईत रात्री उरलेली भाजी स्वस्त होते तसं इथे होईल असं वाटतं, पण शेवटी येणारा विमानाचा गिऱ्हाईक गरजू असतो, त्याला जायचंच असतं, आणि त्याच्यासाठीच सीट राखल्या होत्या. बुकिंग अंदाजापेक्षा मागे पडलं तर बंद बकेट पुन्हा उघडते हे खरं, पण ते आडवारी, आडवेळी. मुंबईच्या जुन्या विमानतळाच्या दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, एका वेळी एकच वापरता येते, त्यामुळे सणाला सहज जादा विमानं घालता येत नाहीत. म्हणून दिवाळीत नवी मुंबईचं विमानतळसुद्धा वेगळं शोधून बघा, तिथल्या विमानाच्या बकेट स्वतंत्र असतात.

भाव चढला की कुकीज पुसत बसणं

इन्कॉग्निटोमध्ये उघडून बकेटमध्ये सीट वाढत नाहीत. त्यापेक्षा भाव कसा चढला ते बघा. एकाच विमानाचा चढला आणि बाकीच्यांचा तसाच आहे, तर त्या विमानाची बकेट बंद झाली. एका एअरलाइनची त्या मार्गावरची सगळीच विमानं एका रात्रीत महाग झाली, तर बहुतेक आगाऊ खरेदीची मुदत गेली, कारण बऱ्याच स्वस्त भाड्यांना प्रवासाच्या 21, 14 किंवा 7 दिवस आधी घेण्याची अट असते आणि मुदत उलटली की बकेटमध्ये सीट असूनही ते भाडं मिळत नाही. अशा वेळी वाट बघून काही होत नाही, तारीख बदलून बघा. आणि फक्त पेमेंटच्या पानावर भाव बदलला, तर आधी दिसलेला भाव जुना साठवलेला होता किंवा शेवटची सीट त्याच वेळी दुसऱ्या कोणाच्या व्यवहारात अडकलेली आहे. त्याचं पेमेंट फसलं तर ती सीट परत बकेटमध्ये येऊ शकते, म्हणून पंधरा-वीस मिनिटांनी एकदा परत शोधा. मग ब्राउझर बदलल्याने स्वस्त झालं असं वाटतं, पण सीट सुटली म्हणून झालेलं असतं.

तिकीट काढून झाल्यावर भाव उतरलेला दिसला तरी घाईने जुनं रद्द करू नका. नवीन भावातला फरक प्रवाशामागच्या कॅन्सलेशन चार्जपेक्षा जास्त आहे का बघा, आणि असला तरी आधी नवीन तिकीट हातात घ्या मग जुनं सोडा, कारण तुम्ही सोडलेली सीट त्याच स्वस्त बकेटमध्ये परत जाईल याची खात्री नसते, सिस्टीम ती वरच्या भावालाही विकायला काढू शकते.