रुपया डॉलरला बांधायचा म्हणता? आधी या चुका टाळा

रुपया घसरल्याची बातमी आली की आम्हा बडोद्याच्या मराठी मंडळींत एक सूचना हमखास निघते: रुपयाचा भाव डॉलरशी कायमचा बांधून टाका, नाहीतर सरळ डॉलरच चालू करा. इथल्या कितीतरी घरांतली मुलं अमेरिकेत आहेत, त्यामुळे डॉलर कोणाला परका वाटत नाही. दोन्ही उपाय जगात खरोखर करून झाले आहेत. पहिल्याला करन्सी बोर्ड किंवा चलन मंडळ म्हणतात: देशाचं स्वतःचं चलन राहतं, पण कायद्याने ठरलेल्या भावाने डॉलर जमा झाल्याशिवाय एकही नवी नोट निघत नाही. दुसऱ्यात स्वतःचं चलनच मोडीत निघतं. या उपायांची बाजू मांडणारे लोक बावळट नसतात. 1989 मध्ये अर्जेंटिनात महागाईचा वार्षिक दर 3000 टक्क्यांच्या वर गेला होता. 1991 मध्ये एक पेसो बरोबर एक डॉलर असा कायदा झाला आणि काही वर्षांतच महागाई जवळजवळ थांबली. घोटाळा होतो तो या यशाचा अर्थ लावताना.

नोटेमागे डॉलर आहे, म्हणून ठेवीमागेही आहे असं मानणं

सगळ्यात महाग पडणारी चूक हीच. चलन मंडळ हमी देतं ती नोटांची आणि बँकांनी मंडळाकडे ठेवलेल्या शिलकीची. तुमच्या बचत खात्यातल्या आकड्याची हमी त्यात नसते.

एक छोटं उदाहरण आकड्यांत मांडतो. समजा, एका देशात लोकांच्या हातात 20 कोटी पेसोंच्या नोटा आहेत. बँकांत 100 कोटींच्या ठेवी आहेत. त्यातले 90 कोटी कर्जाऊ गेले आहेत आणि 10 कोटी मंडळाकडे राखीव पडले आहेत. मंडळाची देणी झाली 30 कोटी, आणि तिजोरीत 30 कोटी डॉलर आहेत. हिशोब चोख.

आता लोक घाबरले. त्यांनी 8 कोटींच्या ठेवी काढून त्यांचे डॉलर करून घेतले. मंडळाकडे 22 कोटी डॉलर उरले, देणीही 22 कोटी उरली, म्हणजे नोटांमागचं पाठबळ अजूनही शंभर टक्के. पण बँकांकडे 92 कोटींच्या ठेवींसमोर राखीव फक्त 2 कोटी राहिले. दुसऱ्या दिवशी आणखी 8 कोटी मागायला लोक आले, तर बँकांना कर्जं परत मागवावी लागतील, आणि दुकानदाराने मालात गुंतवलेला पैसा काही एका रात्रीत परत येत नसतो.

आपल्याकडे अशा वेळी रिझर्व्ह बँक सरकारी रोखे तारण घेऊन बँकेला नवे रुपये देऊ शकते. अडलेल्या बँकेचा शेवटचा सावकार तीच. चलन मंडळाला हे करता येत नाही, कारण डॉलर आल्याशिवाय नवा पेसो काढायचा नाही हाच तर त्याचा कायदा. देश सर्वांत आधी सोडतो तो हा अधिकार, आणि बँकांसमोर रांग लागेपर्यंत तो गेल्याचं कुणाला जाणवतही नाही.

अर्जेंटिनात असंच झालं. मेक्सिकोचं चलन कोसळल्यानंतर 1995 च्या पूर्वार्धात तिथल्या ठेवी काही महिन्यांत सुमारे 18 टक्क्यांनी घटल्या. परदेशी कर्ज मिळालं म्हणून त्या वेळी निभावलं. 2001 मध्ये ठेवी पुन्हा बाहेर जाऊ लागल्या, पण या खेपेला मदत पुरली नाही. डिसेंबरच्या सुरुवातीला सरकारने आठवड्याला 250 पेसोंपेक्षा जास्त रोख काढायला बंदी घातली. तीन आठवड्यांत राष्ट्राध्यक्ष पायउतार झाले, जानेवारी 2002 मध्ये एकास एकचा कायदा रद्द झाला आणि वर्षाच्या मध्यापर्यंत डॉलर साडेतीन पेसोंच्या पुढे गेला.

धोक्याच्या खुणा आधी दिसत होत्या. एक पेसो म्हणजे नक्की एक डॉलर असेल, तर पेसोच्या आणि डॉलरच्या कर्जाचं व्याज जवळपास सारखं हवं. ते फाकत गेलं. प्रांतांकडे पगाराला पेसो उरले नाहीत, तेव्हा ब्युनोस आयर्स प्रांताने ‘पाताकोन’ नावाचे स्वतःचे रोखे छापून नोकरांना दिले आणि ते बाजारात नोटेसारखे फिरू लागले. शिवाय मंडळाच्या गंगाजळीचा एक तृतीयांशापर्यंतचा भाग खुद्द अर्जेंटिना सरकारच्या डॉलर-रोख्यांत ठेवायची मुभा कायद्यातच होती. म्हणून कुठल्याही चलन मंडळाचा ताळेबंद वाचताना गंगाजळी किती हे पाहून थांबू नका. ती कशात ठेवली आहे, आणि नोटांबरोबर बँकांतल्या एकूण ठेवींच्याही तुलनेत ती किती आहे, हे पाहा.

डॉलरशी स्थिर म्हणजे सगळ्यांशी स्थिर असं धरून चालणं

जानेवारी 1999 मध्ये ब्राझीलने आपलं चलन, रिआल, मोकळं सोडलं आणि ते झपाट्याने घसरलं. ब्राझील हे अर्जेंटिनाचं सर्वांत मोठं गिऱ्हाईक. पेसो डॉलरला बांधलेला, त्यामुळे अर्जेंटिनाचा माल ब्राझीलमध्ये एकदम महाग झाला. भाव बदलायची सोय नव्हती, तेव्हा पगार आणि किमती खाली ओढाव्या लागल्या आणि मंदी लांबत गेली. व्याजदराचंही तसंच. हाँगकाँग 1983 पासून 7.80 हाँगकाँग डॉलरला एक अमेरिकन डॉलर या भावाच्या आसपास टिकून आहे, पण 2022-23 मध्ये अमेरिकेने व्याज वाढवलं तेव्हा स्वतःचं घरबांधणी क्षेत्र मरगळलेलं असतानाही त्याला मागोमाग जावं लागलं.

मग डॉलरच घ्या, म्हणजे प्रश्न मिटला असं वाटणं

इक्वेडोरने जानेवारी 2000 मध्ये हेच केलं. आपलं चलन, सुक्रे, 25,000 ला एक डॉलर या भावाने परत घेतलं. अवमूल्यनाची भीती संपली आणि तिथे डॉलर आजही चालतो. पण दोन गोष्टी चलन मंडळापेक्षाही जास्त गेल्या.

पहिली, नोट काढण्यातलं उत्पन्न. चलन मंडळाची गंगाजळी अमेरिकन रोख्यांत असते आणि त्यावरचं व्याज देशालाच मिळतं. लोकांच्या खिशात खुद्द डॉलर आले की ते व्याज संपतं, फायदा नोट काढणाऱ्या अमेरिकेचा. दक्षिण आफ्रिका आपला रँड वापरणाऱ्या लेसोथो आणि नामिबियाला यातला वाटा देते, पण अमेरिका इक्वेडोरला देत नाही. बडोद्याला हा व्यवहार नवा नाही. गायकवाडांचा बाबाशाही रुपया एकोणिसावं शतक संपताना मागे पडला आणि ब्रिटिश रुपया आला. 1893 मध्ये लोकांनी आणलेल्या चांदीचे रुपये पाडून देणं टांकसाळींनी बंद केल्यावर त्या रुपयाची किंमत आतल्या चांदीपेक्षा वर राहिली. तो फरक कलकत्त्याच्या सरकारकडे जमा होत होता, संस्थानाकडे नाही.

दुसरी, परतीची वाट. पेसो कितीही अडकलेला असला तरी एका कायद्याने सुटला. डॉलर सोडायचा तर आधी नवं चलन छापायचं, लोकांना ते घ्यायला लावायचं, आणि कुजबुज सुरू होताच बँकांपुढे लागणाऱ्या रांगा थोपवायच्या. 2014 नंतर इक्वेडोर ज्याची निर्यात करतो त्या तेलाचे भाव कोसळले, तेव्हा तेलच विकणाऱ्या शेजारच्या कोलंबियाचा पेसो घसरला आणि त्याचा माल स्वस्त झाला. इक्वेडोरकडे घसरवायला चलनच नव्हतं. म्हणून मार्च 2015 मध्ये सरकारने बऱ्याच आयात वस्तूंवर 45 टक्क्यांपर्यंत जादा कर बसवला. अवमूल्यनाने आयात महाग झाली असती तशी ती करांनी झाली, पण अवमूल्यनाने निर्यातदाराला जो आधार मिळाला असता तो त्यातून मिळाला नाही.