तीनने भाग जाणारा डीएफए: डेसिमलला सोपा का जातो अन् बायनरीला का अडकतो

टीओसी पहिल्यांदा घेतलेल्या पोरापोरींसाठी लिहितोय, इकडं नांदेडला रूमवर ज्युनिअर लोक परीक्षेच्या आधी येऊन बसतात तेव्हा हाच एक प्रश्न दरवेळी निघतो. बायनरीवाला डीएफए सगळ्यांना पाठ असतो, तीन स्टेट, बाण कुठून कुठं ते डोळे झाकून काढतात. पण पेपरात "अल्फाबेट ० ते ९, संख्येला ३ ने भाग गेला पाहिजे" असं आलं की गडी एकतर तेच बायनरीचं चित्र डेसिमलला चिकटवतात नाहीतर दहा अंक बघून गार पडतात. खरं तर डेसिमलवालाच सोपा आहे, काहून ते बघू.

स्टेट म्हणजे काय हे आधी पक्कं करा. आतापर्यंत वाचलेल्या संख्येला ३ ने भागल्यावर जी बाकी राहते ती म्हणजे स्टेट, बाकी ०, १ किंवा २ म्हणून q0, q1, q2. अख्खी संख्या मशीनला लक्षात ठेवायची गरजच नाही. स्ट्रिंग डावीकडून वाचतोय, म्हणजे हातात ४१ आहे अन् पुढचा अंक ३ आला तर नवीन संख्या ४१ × १० + ३, बरोबर? जुनी संख्या एक घर डावीकडं सरकते अन् नवा अंक शेवटी बसतो. बाकीलाही हाच नियम लागतो:

```
डेसिमल:  r = (10*r + d) % 3
बायनरी:  r = (2*r + b) % 3
```

फरक फक्त 10 अन् 2 चा. आता १० ला ३ ने भागलं की बाकी १ उरते, म्हणून 10*r च्या जागी नुसता r लिहिला तरी चालतं, नियम होतो (r + d) % 3. शाळेत अंकांची बेरीज करून ३ चा भाग तपासायचो ना, ती युक्ती ह्यातूनच निघालेली आहे अन् आपलं मशीन तीच बेरीज करत चाललंय, फक्त २ च्या वर जाऊ देत नाही.

आता दहा अंकांची भीती. d पण ३ च्या बाकीनेच मोजायचा म्हटल्यावर अंकांचे तीनच गट पडतात: ०, ३, ६, ९ आले तर स्टेट जिथल्या तिथं, १, ४, ७ आले तर एक घर पुढं, २, ५, ८ आले तर दोन घरं पुढं. q2 च्या पुढं परत q0. सुरुवात q0, फायनल पण q0. चित्रात प्रत्येक स्टेटवरून तीनच बाण, बाणावर गटातले सगळे अंक कॉमा देऊन लिहा, दहा-दहा बाण काढत बसू नका, तपासणाऱ्याचं पण डोकं उठतं.

लातूरचा पिनकोड घेऊन चालवून बघू, ४१३५१२. q0 वरून ४ आला, q1. मग १ आला, q2. ३ आला, तिथंच. ५ आला म्हणजे दोन घरं, q2 वरून q0 ओलांडून q1. १ आला, q2. शेवटी २ आला, परत दोन घरं, q1. संपलं q1 वर म्हणजे रिजेक्ट, बाकी १. बेरीज करून बघा, १६ येते, १६ ला ३ ने भागलं की बाकी १, जुळलं. आता छत्रपती संभाजीनगरचा, म्हणजे जुन्या औरंगाबादचा, ४३१००१ स्वतः चालवा, तो q0 वर येतो, अन् मधले दोन शून्य आले तेव्हा मशीन q2 वरून हललंच नाही हे मुद्दाम बघा, कारण बायनरीत नेमकं इथंच वेगळं होतं.

बायनरीत गुणायचं २ ने, अन् २ ची बाकी १ नाही, २ च आहे. म्हणून r तसाच ठेवता येत नाही, टेबल असा येतो:

```
        0     1
q0     q0    q1
q1     q2    q0
q2     q1    q2
```

q1 वर 0 आला तर q2 का? हातात १ होता, शेवटी 0 लागला की संख्या दुप्पट झाली, २ झाली. डेसिमलमध्ये १ ला शून्य लागलं की १० होतात अन् बाकी १ च राहते. सगळा खेळ एवढाच आहे. बायनरीत 0 नुसता बसून राहत नाही, q1 अन् q2 ची अदलाबदल करतो.

ह्याच्यावरून चित्र चुकलंय का हे दहा सेकंदात कळतं. डेसिमलच्या चित्रात तिन्ही स्टेटवर ० चा सेल्फ लूप पाहिजेच, q1 वरून ० चा बाण q2 ला गेलेला दिसला की समजायचं बायनरीचा टेबल घुसलाय. अन् बायनरीत उलटं, तिन्हीवर 0 चा लूप दिसला तर गड्यानं 1 किती आले तेवढेच मोजलेत, ते वेगळंच मशीन झालं. ते मशीन 101 ला, म्हणजे ५ ला, रिजेक्ट करतं अन् बरोबर दिसतं, पण लगेच खूश होऊ नका, 111 देऊन बघा. 111 म्हणजे ७, ३ ने भाग जात नाही, तरी ते मशीन हो म्हणून बसतं.

अजून एक फरक, व्हायवाला हमखास उपयोगी. डेसिमलमध्ये अंक कसेही उलटेपालटे केले तरी उत्तर बदलत नाही, बेरीजच आहे ना ती, ४१३५१२ चे अंक विस्कटून काहीही लावा बाकी १ च. बायनरीत तसं नाही, 110 म्हणजे ६, चालतं, तेच अंक 101 केले तर ५, नाही चालत. तिथं कुठल्या जागेवर 1 आहे ह्याला किंमत आहे.

तीनपेक्षा कमी स्टेट होतील का असंही विचारतात. नाही होत. q0 फायनल आहे म्हणून वेगळा, अन् q1, q2 ला एकत्र करायला गेलात तर पुढं २ हा अंक द्या, q1 वरून q0 ला पोचतो अन् q2 वरून q1 ला, एक ॲक्सेप्ट एक रिजेक्ट, म्हणजे दोघं एक नाहीत.

प्रश्नाची भाषा मात्र नीट वाचायची. आपलं तीन स्टेटचं मशीन रिकामी स्ट्रिंग पण ॲक्सेप्ट करतं, कारण सुरुवातच फायनल आहे. "किमान एक अंक" म्हटलं असेल तर सुरुवातीची स्टेट वेगळी काढा, ती फायनल नाही, बाण मात्र q0 सारखेच, एकूण चार. अन् पुढं उगीचचे शून्य नको म्हटलं, म्हणजे ००१२ नाही पण एकटा ० चालेल, तर लई वाढतं: एक सुरुवात, एक "फक्त शून्य आलंय" ही फायनल स्टेट, तिच्यानंतर काहीही आलं की डेड स्टेट, अन् आपले नेहमीचे तीन, असे सहा. हे सहा काढताना लोक डेड स्टेटवरचा दहाही अंकांचा लूप विसरतात, डीएफए आहे म्हटल्यावर प्रत्येक स्टेटवरून प्रत्येक अंकाला बाण लागतोच.

हे कळलं की दुसरे आकडे पण हाताला येतात. डेसिमलमध्ये ९ ला हीच बेरीज चालते, फक्त स्टेट नऊ. ११ ला १० ची बाकी १० म्हणजे उणे १ धरा, तसंच बायनरीत ३ ला २ म्हणजे उणे १, त्यामुळं डेसिमल-११ वाला हा बायनरी-३ वाल्याचा सख्खा भाऊ निघतो, तिथं पण ० आला की स्टेटच्या जोड्या अदलाबदल होतात. अन् ७ ला यातलं काहीच चालत नाही, १० ची बाकी ३ येते, नुसते शून्य देत गेलात तर q1 वरून q3, q2, q6, q4, q5 असं फिरून परत q1 ला येतं. तिथं सात स्टेट अन् दहा कॉलमचा टेबल 10*r + d लावून एकेक खाना भरायचा, शॉर्टकट शोधत बसू नका.