कथेवरून गाणं: आधी कडव्यांना कामं वाटा

समजा कथा अशी: खानापूरचा पोरगा कामाला गोव्याला जातो, आई एकटीच भातशेती ओढते, सुगीला तो परततो तर शेत विकलेलं. यमकं जुळवण्याआधी प्रत्येक कडव्यापुढे काय घडतं आणि काय वाटतं, एवढंच लिहा. पहिलं: बस सुटते, हुरहूर. दुसरं: आई शेताचा सौदा करते, अपराधीपण. तिसरं: पोरगा बांधावर उभा, आधी राग, मग शरम.

ध्रुवपदात घटना घालू नका. ते प्रत्येक कडव्यानंतर येणार. ‘बांध आपला गं आई’ ही ओळ पहिल्यांदा अभिमानाची वाटते, शेवटी तीच टोचते. आणि दोन कडव्यांपुढे एकच भावना आली, तर कथा तिथे थांबलीय. त्यातलं एक कडवं सरळ गाळा, चाल कितीही गोड असली तरी.