रजेचा विषय एचआरकडे काढण्यापूर्वी

महाराष्ट्रातल्या दुकानात, ऑफिसात किंवा आयटी कंपनीत काम करणाऱ्यांना रजेचा किमान हक्क मिळतो तो 2017 च्या दुकाने व आस्थापना अधिनियमातून. कारखान्याचा कायदा वेगळा. त्यामुळे बोलण्याआधी हा कायदा आपल्याला लागू होतो का, हे बघून ठेवा. मूळ मजकुरात किमान 10 कामगारांची अट होती. 2025 मध्ये ती 20 वर नेण्याचा निर्णय सरकारने घेतला, म्हणून लहान ऑफिस असेल तर आजचा मजकूर कामगार विभागाच्या संकेतस्थळावर वाचा. व्यवस्थापकीय, पर्यवेक्षी आणि गोपनीय स्वरूपाची पदे यातून वगळलेली आहेत, पण अशा पदांची यादी कंपनीने जाहीर लावायची असते. नुसतं ‘असिस्टंट मॅनेजर’ असं पद छापलं म्हणून हक्क गेला असं समजू नका, यादी बघा.

मग आकडे. कलम 18 नुसार वर्षाला 8 किरकोळ रजा, म्हणजे आपल्या भाषेत सीएल. त्या तिमाहीनुसार खात्यात जमा होतात आणि वर्षाअखेर न वापरलेल्या बुडतात. सणांच्या पगारी सुट्ट्या 8: 26 जानेवारी, 1 मे, 15 ऑगस्ट, 2 ऑक्टोबर आणि वर्ष सुरू होण्याआधी ठरवलेल्या आणखी चार. या सुट्ट्या कंपनीने रजेच्या कोट्यात धरल्या आहेत का, ते नीट तपासा.

खरा घोळ अर्जित रजेत होतो, जिला बरेच जण पीएल म्हणतात. आदल्या वर्षी 240 दिवस काम झालं असेल, तर प्रत्येक 20 दिवसांच्या कामामागे एक रजा. आठवड्यात पाच दिवस काम असणारे इथे घाबरतात, कारण सुट्ट्या वजा केल्या की त्यांचे दिवस 240 च्या आसपासच येतात. पण घेतलेली अर्जित रजा आणि 26 आठवड्यांपर्यंतची प्रसूती रजा हे दिवस 240 ची अट पूर्ण करण्यासाठी धरले जातात. फक्त त्या दिवसांवर नवी रजा मिळत नाही. हाच मुद्दा एचआरच्या हिशोबातून सर्वात जास्त निसटतो, आणि त्याचा फटका बाळंतपणानंतर परतणाऱ्या बाईला बसतो, हे मला फार खटकतं.

आता कागद जमवा: नेमणूकपत्र, रजा धोरणाचं पान, आदल्या वर्षाचा हजेरीचा उतारा, आणि ॲपमधल्या शिल्लक रजेचा स्क्रीनशॉट. समजा सहा दिवसांच्या आठवड्यात तुमचे 280 दिवस भरले. 280 भागिले 20, म्हणजे 14 पीएल, अधिक 8 सीएल, एकूण 22. ॲपवर वर्षभरासाठी 12 आणि 6 मिळून 18 दिसतात. फरक चारचा. संभाषण या चार दिवसांपुरतंच ठेवा. जुन्या सगळ्या तक्रारी त्यात आणल्या की हे चार दिवस बाजूला पडतात.

रजा हवी आहे त्याच दिवशी हा विषय काढू नका. रजेचा अर्ज वेगळा आणि हिशोबाची विचारणा वेगळी. वर्षाच्या सुरुवातीला, शिल्लक रजा खात्यात आल्या आल्या, आधी तोंडी विचारा आणि मग मेल करा. मेलमध्ये कायदा शेवटी येऊ द्या, तोही एकाच वाक्यात. उदाहरणार्थ:

“मॅडम, माझ्या शिल्लक रजेबद्दल एक शंका होती. गेल्या वर्षीची माझी हजेरी 280 दिवस आहे, उतारा सोबत जोडला आहे. दुकाने व आस्थापना अधिनियमाच्या कलम 18 प्रमाणे माझ्या मोजणीत 14 अर्जित आणि 8 किरकोळ रजा येतात, ॲपवर मात्र वर्षभरासाठी 12 आणि 6 दिसतात. माझं काही चुकत असेल तर कृपया सांगाल का? सवड मिळेल तेव्हा बघितलंत तर बरं होईल.”

यात आकडा आहे, पुरावा आहे आणि समोरच्याला तपासायला जागा आहे. ‘तुम्ही कायदा मोडताय’ असं वाचलं की एचआर उत्तर द्यायच्या आधी वरिष्ठांना मेल पाठवते. ‘कंपनीचं धोरण असंच आहे’ असं उत्तर आलं, तर धोरणात कायद्यापेक्षा जास्त देता येतं, कमी नाही, एवढंच शांतपणे विचारा: “मग किमान रजेचा हिशोब यात कुठे धरला आहे, ते दाखवाल का?”

मोठी रजा हवी असेल तर अर्ज 15 दिवस आधी आणि लेखी द्या, उत्तरही लेखी मागा. अर्जित रजा 45 दिवसांपर्यंत साठवता येते. वेळेत केलेला अर्ज नाकारला गेला, तर 45 च्या वरच्या रजेचे पैसे मागण्याचा हक्क त्या अर्जाच्या तारखेवरूनच सिद्ध होतो. तोंडी ‘बघू’ची नोंद कुठेच राहत नाही, म्हणून बोलणं झालं की त्याच संध्याकाळी दोन ओळींचा मेल टाका: “आज बोललो त्याप्रमाणे अर्ज परत पाठवत आहे.”