तिसरे मूल्यांकन: सरासरी काढायची की आधीचे गुण बाजूला ठेवायचे? या चुका टाळा

पदव्युत्तर परीक्षांच्या दुहेरी मूल्यांकनात दोन परीक्षकांच्या गुणांमध्ये अनुज्ञेय मर्यादेपेक्षा जास्त तफावत आली, की उत्तरपत्रिका तिसऱ्या परीक्षकाकडे जाते, इतके सर्वांना ठाऊक असते. तिसरा आकडा हाती आल्यावर त्याचे काय करायचे, याविषयी मात्र उत्तरपत्रिका एकत्रित तपासल्या जातात त्या कॅप केंद्रावर एकाच टेबलाशी बसलेल्या दोघांचे मत वेगवेगळे असू शकते. नियमात बहुधा एकच वाक्य असते आणि ते घाईने वाचले जाते.

पहिली चूक तिसऱ्या परीक्षकाकडे जाण्यापूर्वीच होते. तफावत ‘१५ टक्के’ असे लिहिलेले असते, पण ती कशाच्या १५ टक्के? शक्यतो प्रश्नपत्रिकेच्या कमाल गुणांच्या; परीक्षकाने दिलेल्या गुणांच्या नव्हे. ८० गुणांच्या प्रश्नपत्रिकेत ही मर्यादा १२ गुणांची होते. एका परीक्षकाने ३० आणि दुसऱ्याने ४२ दिले, तर नियम ‘१५ टक्के किंवा त्याहून अधिक’ असा असल्यास तिसरे मूल्यांकन करावे लागते आणि ‘१५ टक्क्यांहून अधिक’ असा असल्यास करावे लागत नाही. एक्सेलच्या सूत्रात `>=` ऐवजी `>` पडले, तर नेमक्या सीमेवरच्या सगळ्या उत्तरपत्रिका गुपचूप सुटतात आणि त्या सुटल्याचे कोणाला कळतही नाही. म्हणून यादी तयार झाल्यावर तफावत बरोबर १२ असलेली एक तरी उत्तरपत्रिका शोधून ती यादीत आहे की नाही, हे हाताने पडताळावे. त्याच वेळी दोन्ही परीक्षकांच्या बेरजाही तपासाव्यात. आतल्या पानांवरील गुण मुखपृष्ठावर चढवताना एखादा प्रश्न राहून गेला असेल, तर ती तफावत मूल्यांकनाची नसून बेरजेची असते आणि तिच्यासाठी तिसऱ्या परीक्षकाची गरज नसते.

आता मुख्य प्रश्नाकडे वळू. तिसरे गुण आल्यावर अंतिम गुण काढण्याच्या तीन पद्धती प्रचलित आहेत: तिन्ही गुणांची सरासरी काढणे, तिसऱ्या गुणांची त्यांच्या जवळच्या गुणांशी सरासरी काढणे, किंवा आधीचे दोन्ही गुण बाजूला ठेवून तिसरेच अंतिम मानणे. अमेरिकेत रॉबर्ट जॉन्सन, जेम्स पेनी आणि बेलिता गॉर्डन यांनी निबंधांच्या मूल्यांकनासाठी २००० च्या सुमारास या पद्धतींची तुलना केली होती. आपल्याकडच्या विद्यापीठांमध्ये दुसरी पद्धत बरीच आढळते. तिच्यातली अडचण कागदावर आकडे मांडल्याशिवाय लक्षात येत नाही.

समजा, १०० गुणांच्या प्रश्नपत्रिकेत पहिल्या परीक्षकाने ३६ आणि दुसऱ्याने ५६ गुण दिले आणि उत्तीर्णतेसाठी ५० गुण हवेत. तिसऱ्या परीक्षकाने ४५ दिले, तर ते ३६ पासून ९ आणि ५६ पासून ११ गुणांच्या अंतरावर पडतात; म्हणून ३६ आणि ४५ यांची सरासरी ४०.५ येते आणि विद्यार्थी अनुत्तीर्ण होतो. त्याच परीक्षकाने ४७ दिले असते, तर जवळचा आकडा ५६ ठरला असता, सरासरी ५१.५ आली असती आणि विद्यार्थी उत्तीर्ण झाला असता. म्हणजे तिसऱ्या परीक्षकाचे मत दोन गुणांनी हलले आणि निकाल अकरा गुणांनी हलला. तिन्हींची सरासरी घेतली असती, तर हेच निकाल ४५.६७ आणि ४६.३३ आले असते. तिसरे गुण अंतिम मानले असते, तर ४५ आणि ४७. दोन्ही पद्धतींत विद्यार्थी दोन्ही वेळा अनुत्तीर्णच राहतो. आणि तिसऱ्याने नेमके ४६ दिले, तर? दोन्हीकडे अंतर १० गुणांचे, एका बाजूने ४१ आणि दुसऱ्या बाजूने ५१. नियमाने अशा वेळी विद्यार्थ्याच्या हिताची बाजू घ्यावी असे लिहिलेले असेल, तर प्रश्न मिटतो. लिहिलेले नसेल, तर संगणकप्रणालीत आधी जी ओळ येते तीच निकाल ठरवते. माझ्या मते, ‘जवळच्या दोन’चा नियम ठेवायचाच असेल, तर समान अंतराचे कलम त्यात लेखी असलेच पाहिजे.

हा दोष निव्वळ योगायोगाचा नाही. संख्याशास्त्रज्ञ ज्युलियस लीब्लिन यांनी १९५२ मध्ये तीन निरीक्षणांपैकी जवळच्या दोघांची सरासरी घेण्याची सवय गणिताने तपासली होती. तिन्ही परीक्षक सारखेच विश्वासार्ह असतील आणि त्यांच्यातला फरक केवळ मतभेदाचा असेल, तर तिन्हींच्या सरासरीपेक्षा ‘जवळच्या दोन’ची सरासरी जास्त डळमळते. दोन आकडे जवळ आले म्हणजे ते खरे, असे वाटते. प्रत्यक्षात ते बऱ्याचदा केवळ जवळ आलेले असतात. मात्र एका परीक्षकाकडून पुरवणी तपासायचीच राहिली असेल, किंवा त्याने चुकीच्या संचाची आदर्श उत्तरे वापरली असतील, तर त्याचे गुण सरासरीत घेणे म्हणजे चूक अंतिम गुणांत मुरवणे. तिथे ते गुण वगळणेच योग्य. म्हणून आधी तफावतीचे कारण पाहावे. हे पाहण्यासाठी दोन्ही गुणपत्रके प्रश्ननिहाय शेजारी ठेवावीत. तफावत एकाच प्रश्नात साठलेली असेल, तर काहीतरी सुटलेले असते; ती पाचही प्रश्नांत तीन-चार गुणांनी पसरलेली असेल, तर एक परीक्षक कडक आणि दुसरा सैल आहे.

याच शेजारी ठेवण्यातून आणखी एक गोष्ट उघडी पडते, जी एकूण गुणांवर चालणाऱ्या नियमाला कधीच दिसत नाही. पहिल्या प्रश्नात एकाने १२ आणि दुसऱ्याने ४ दिले, तिसऱ्या प्रश्नात उलट झाले आणि बाकी सारखे राहिले, तर एकूण तफावत शून्य येते आणि तिसरे मूल्यांकन होत नाही. आणि एखादा परीक्षक गठ्ठ्यातल्या सगळ्याच उत्तरपत्रिकांना दुसऱ्यापेक्षा दहा गुण कमी देत असेल, तर एकेक उत्तरपत्रिका तिसऱ्याकडे पाठवणे हा त्यावर उपाय नव्हे. तिथे मुख्य परीक्षकाने त्याचा अख्खा गठ्ठा नमुन्यासह पुन्हा पाहावा लागतो.

तिसऱ्या परीक्षकाला आधीचे गुण दिसू देणे, ही चूक सगळ्यांत नकळत होते. उत्तरपत्रिकेच्या आत लाल शाईने लिहिलेले गुण, किंवा पाकिटावर पेन्सिलीने लिहिलेले ‘३६/५६’, एवढे त्याला पुरते. दोन आकडे दिसल्यावर माणूस मधला आकडा देतो, आणि वर पाहिले तसे, मधलाच आकडा ‘जवळच्या दोन’च्या नियमाला सर्वांत जास्त अडचणीत टाकतो. हे घडले आहे का, हे ओळखता येते: तिसरे गुण वजा पहिल्या दोघांची सरासरी, असा फरक प्रत्येक उत्तरपत्रिकेसाठी काढून यादी करावी. स्वतंत्रपणे तपासलेल्या गुणांमध्ये हा फरक दोन्ही बाजूंना विखुरलेला असतो. तो बहुसंख्य ठिकाणी शून्य किंवा एक येत असेल, तर आकडे आधी पोहोचले असण्याची दाट शक्यता असते आणि त्या उत्तरपत्रिका दुसऱ्या कोणाकडे द्याव्या लागतात. यासाठी पहिल्या दोघांनी गुण उत्तरपत्रिकेवर नव्हे, तर वेगळ्या गुणपत्रकावर लिहावेत, ही जुनी पद्धत अजूनही चांगली.

पूर्णांकनही शेवटी एकदाच करावे. ३६.५ आणि ५१ यांतली तफावत १४.५ आहे, ३६.५ चे ३७ करून ती १४ मोजणे, किंवा तफावतच वर ओढून १५ धरणे, दोन्ही चूक. आणि निकालानंतर विद्यार्थ्याने अर्ज करून मागितलेले पुनर्मूल्यांकन हे या तिसऱ्या मूल्यांकनाहून वेगळे असून त्याचे गुणबदलाचे नियमही वेगळे असतात. एकाचे सूत्र दुसऱ्याला लावलेले आढळले, तर त्या तक्त्यावर सही करू नये.