सेफ्टी स्टॉक काढताना या चुका टाळा: सूत्र बरोबर, उत्तर चूक

सेफ्टी स्टॉकचं सूत्र एका ओळीत मावतं, त्यामुळे ते चुकत नाही. चुकतात त्यात भरलेले आकडे, आणि शीट काहीही तक्रार न करता उत्तर देऊन मोकळी होते.

```
SS = Z × σ × √L
```

σ म्हणजे मागणीचं प्रमाण विचलन, L म्हणजे लीड टाइम आणि Z हा सर्व्हिस लेव्हलवरून येणारा गुणक.

एक सुटा भाग घेऊ. आठ आठवड्यांची मागणी अशी: ९०, ११०, १२०, ८०, १००, १३०, ७०, १००. बेरीज ८००, सरासरी १००. प्रत्येक आठवड्याच्या फरकाचा वर्ग करून बेरीज केली की २८०० येतात. त्याला ७ ने भागायचं (हा नमुना आहे, म्हणून ८ ने नाही, एक्सेलमध्ये `STDEV.S`). ४०० चं वर्गमूळ २०, म्हणजे σ = २०. लीड टाइम ४ आठवडे, त्याचं वर्गमूळ २. सर्व्हिस लेव्हल ९५ टक्के ठेवली तर Z = १.६४५. गुणाकार ६५.८ येतो, म्हणजे ६६ नग. लीड टाइममधली सरासरी मागणी ४०० धरली की रीऑर्डर पॉइंट ४६६.

एककांची गल्लत. ही सर्वात जास्त दिसते. मागणी आठवड्याची, पण पुरवठादार लीड टाइम "२८ दिवस" म्हणून देतो आणि तोच आकडा सूत्रात जातो. मग ६६ ऐवजी १७५ नग येतात. काही जण हे लक्षात आल्यावर σ ला ७ ने भागतात आणि उत्तर २५ वर घसरतं. भागायचं ते √७ ने. रोजचे चढउतार एकमेकांना काही अंशी खोडून काढतात, म्हणून विचलन दिवसांच्या प्रमाणात न वाढता त्यांच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढतं. त्याच कारणाने L ने थेट गुणायचं नसतं. तपासायला सोपं आहे: एकक बदलून पुन्हा हिशेब करा, उत्तर तेच यायला हवं. मात्र मागणी एकदा वाढली की आठवडेच्या आठवडे चढी राहत असेल, तर ही खोडाखोड होत नाही आणि वर्गमूळ कमी साठा सांगतं.

९५ टक्क्यांचा अर्थ. Z च्या जागी थेट ०.९५ लिहिलं तर ३८ नग येतात आणि खरी सर्व्हिस लेव्हल सुमारे ८३ टक्के उरते. Z काढायला `=NORM.S.INV(0.95)` वापरा.

याहून महागात पडणारा गैरसमज वेगळाच आहे. इथले ९५ टक्के म्हणजे ऑर्डर टाकल्यापासून माल येईपर्यंत साठा न संपण्याची शक्यता. "१०० पैकी ९५ नग वेळेवर दिले" हे माप निराळं, त्याला फिल रेट म्हणतात. आपल्या भागाची ऑर्डर दर वेळी ४०० नगांची असेल, तर ६६ नगांच्या सेफ्टी स्टॉकवर दर फेरीत सरासरी एकही पूर्ण नग कमी पडत नाही. फिल रेट ९९.८ टक्क्यांच्या आसपास जातो. सेफ्टी स्टॉक शून्य ठेवला तरी तो सुमारे ९६ टक्के भरतो! म्हणून व्यवस्थापनाने "९५ टक्के" म्हटलं की कशाचे, हे आधी विचारून घ्या.

विक्रीला मागणी समजणं. सातव्या आठवड्यातले ७० पुन्हा पाहा. त्या आठवड्यात मधेच साठा संपला असेल, तर ७० ही विक्री झाली, मागणी नव्हे. न पुरवलेल्या ऑर्डरी धरून ती १३० निघाली, तर सरासरी १०७.५ होते आणि σ १८.३ वर उतरतो. सेफ्टी स्टॉक ६१, म्हणजे आधीपेक्षा कमी; पण रीऑर्डर पॉइंट ४३० + ६१ = ४९१. नुसता सेफ्टी स्टॉक पाहणाऱ्याला वाटेल साठा जास्त होता, प्रत्यक्षात ऑर्डर उशिरा जात होती. आकडे घेण्याआधी साठा शून्य झालेल्या तारखा समोर ठेवाव्यात.

लीड टाइम पक्का धरणं. वरचं सूत्र माल नेहमी ठरल्या दिवशी येतो असं मानतं. तसं नसेल तर वर्गमुळात आणखी एक पद येतं. d म्हणजे सरासरी मागणी, s म्हणजे लीड टाइमचं प्रमाण विचलन.

```
SS = Z × √(L × σ² + d² × s²)
```

s एक आठवडा असेल तर वर्गमुळात १६०० + १०००० येतात आणि सेफ्टी स्टॉक १७८ वर जातो. अशा वेळी मागणीचा अंदाज सुधारण्यात महिने घालवून फारसं हाती लागत नाही, कारण ११६०० पैकी १०००० पुरवठादाराच्या तारखांतून आले आहेत.